फोटोतल्या प्लॅनवरून फ्लॅटचं कार्पेट क्षेत्रफळ कसं काढायचं

रविवारी दुपारी भाचीने एक फोटो पाठवला. साइट ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवलेला टू बीएचकेचा प्लॅन, तिने उभ्याउभ्याच मोबाइलवर टिपलेला. कागद घरी नेता येणार नाही, हवा तर फोटो काढा, असं तिला सांगितलं होतं. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका एका बेडरूमच्या मापावर पडला होता. खाली तिचा प्रश्न: "मामा, हे लोक साडेसहाशे कार्पेट सांगतायत. प्लॅनवरून खरं किती ते कळेल का?"

कळतं. मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं आहे, आणि असे फोटो नात्यागोत्यातून येतच असतात. कागद, पेन आणि अर्धा तास एवढ्यावर एक-दोन टक्क्यांच्या आत आकडा निघतो. तिच्या फ्लॅटचा हिशोबच इथे पायरीपायरीने मांडतो.

आधी फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक आकड्यांच्या कडा विरघळतात. मग 6 आणि 8, 3 आणि 8, 1 आणि 7 एकमेकांत मिसळतात. म्हणून मी तिला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगितला. त्यात इंचांच्या दोन बारीक रेघा वाचता आल्या. या रेघा दिसणं फार गरजेचं असतं. त्या पुसल्या गेल्या की `11'0"` हे `110` दिसतं, आणि मग तो आकडा फुटांचा की इंचांचा असा घोळ सुरू होतो.

दुसरी गोष्ट तिरकेपणाची. उभं राहून काढलेल्या फोटोत कागदाची जवळची बाजू मोठी येते आणि लांबची आखडते. छापलेली मापं वाचायला याने काही बिघडत नाही. पण ज्या जागेचं माप छापलेलंच नाही, ती पट्टीने मोजायची वेळ येते तेव्हा हा तिरकेपणा नडतो. तपासायला सोपं आहे. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या, माप दिलेल्या दोन खोल्या घ्यायच्या आणि स्क्रीनवर पट्टी लावायची. या फोटोत डावीकडचा हॉल `16'6"` लांब होता आणि ६६ मिलिमीटर भरत होता, म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर. त्या हिशोबाने उजव्या टोकाची `12'0"` ची मास्टर बेडरूम ४८ भरायला हवी होती. ती भरली ४३. म्हणजे उजवी बाजू कॅमेऱ्यापासून लांब राहिली होती. मोबाइलच्या डॉक्युमेंट स्कॅनरमध्ये कागदाचे चारही कोपरे नीट ओढून बसवले, तेव्हा दोन्हीकडे फुटाला ४ मिलिमीटर आले.

मात्र फोटो असा सरळ केल्यावरही एक खोट उरते. कागद मुळात किती लांब आणि किती रुंद आहे हे स्कॅनरला माहीत नसतं, तो अंदाजाने चौकट ताणतो. त्यामुळे उभ्या दिशेला फुटाला ४ मिलिमीटर आणि आडव्या दिशेला ३.७, असं होऊ शकतं. इथे तसंच झालं होतं. म्हणून आडवी लांबी काढायची तर प्रमाणही आडव्या मापावरूनच काढायचं, उभ्यावरून नाही.

आता प्लॅनवर काय लिहिलं होतं ते पाहू. डावीकडे खाली `LIVING/DINING 10'0" x 16'6"` आणि त्याच्या पुढे `BALCONY 10'0" x 4'0"`. हॉलच्या मागे `KITCHEN 8'0" x 9'0"`, त्याला लागून `DRY BALCONY 8'0" x 3'0"`, आणि बाजूला एक चौकोन, त्यात `DUCT`, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी. हॉलमधून उजवीकडे पॅसेज निघतो, त्यावर फक्त `3'6" WIDE`. पॅसेजच्या खालच्या अंगाला `BED ROOM`, वरच्या अंगाला शेजारीशेजारी दोन संडास-बाथरूम: `C. TOILET 4'6" x 7'0"` म्हणजे कॉमन, आणि `A. TOILET 5'0" x 7'0"` म्हणजे अटॅच्ड. पॅसेजच्या शेवटी `M. BED 10'0" x 12'0"`.

अशा लेबलांत पहिला आकडा सहसा आडव्या दिशेचा असतो आणि दुसरा उभ्या दिशेचा. सगळेच ड्राफ्ट्समन हे पाळत नाहीत. क्षेत्रफळाला त्याने फरक पडत नाही, पण मापं एकमेकांशी ताडून बघायची तर कुठला आकडा कुठल्या दिशेचा हे चित्राच्या आकारावरून आधी ठरवून घ्यावं.

ट्यूबलाइटच्या पट्ट्याखाली गेलेलं माप होतं बेडरूमचं. दिसत होतं ते `1_'0" x 11'0"`. एकाच्या पुढचा आकडा गोल होता, एवढंच कळत होतं. तो 0 असू शकतो, 6 किंवा 8 पण असू शकतो. १० फूट धरले तर खोली ११० चौरस फूट, १६ धरले तर १७६. एका आकड्यात ६६ चौरस फुटांचा फरक.

इथे मी अंदाज करत नाही, शेजाऱ्यांना विचारतो. बेडरूम पॅसेजच्या एका अंगाला, दोन टॉयलेट दुसऱ्या अंगाला, आणि दोन्हींच्या कडा एकाच रेषेत संपतात. म्हणजे दोन टॉयलेटच्या रुंदीची बेरीज, अधिक मधली भिंत, ही बेडरूमच्या रुंदीएवढी भरली पाहिजे. साडेचार फूट, अधिक ५ फूट, अधिक भिंतीचे ५ इंच: ९ फूट ११ इंच. म्हणजे तो आकडा १० फुटांचाच. पट्टीही तेच सांगते. हॉलची `10'0"` रुंदी आडवी ३७ मिलिमीटर भरली होती आणि बेडरूमची रुंदीही ३७. सोळा फूट असते तर ती ५९ भरली असती. साध्या डोळ्यांनाही खोली जवळजवळ चौरस दिसत होती. तीन साक्षी जुळल्या की मगच मी पुसलेला आकडा कागदावर लिहितो, आणि त्याखाली रेघ मारून ठेवतो, म्हणजे हा वाचलेला नाही, काढलेला आहे हे पुढे लक्षात राहतं.

एका इंचाचा फरक दिसतो म्हणून घाबरायचं कारण नाही. छापील प्लॅनवर मापं जवळच्या ३ किंवा ६ इंचांवर आणून लिहिण्याची पद्धत सर्रास आहे. फरक अर्ध्या फुटाच्या पुढे गेला, तर मात्र आपण काहीतरी चुकीचं वाचलंय किंवा मध्ये एखादा डक्ट लपलाय असं समजावं.

फूट आणि इंच यांचा गुणाकार करताना लोक जिथे हमखास घसरतात ती जागा म्हणजे दशांश चिन्ह. `16'6"` म्हणजे १६.६ फूट नव्हे. इंचांना १२ ने भागायचं, म्हणून ते १६.५ फूट. सहा इंचांना ही चूक फारशी कळत नाही, पण `9'11"` कॅल्क्युलेटरवर ९.११ असं मारलं की जवळजवळ १० इंच गायब होतात, कारण ते खरं ९.९२ आहे. खोली १२ फूट लांब असेल तर तेवढ्यानेच सुमारे साडेनऊ चौरस फूट कमी. तीन इंचांना ०.२५, सहाला ०.५, नऊला ०.७५, एवढं पाठ असलं की बहुतेक प्लॅन निभावतात. मंजूर नकाशाचा फोटो असेल तर मापं मीटरमध्ये असतात, जसं `3.05 x 3.35`, आणि साइटवरच्या कामाच्या नकाशात मिलिमीटरमध्ये, `3050 x 3350`. तिन्ही ठिकाणी खोली तीच, १० बाय ११ ची.

आता कार्पेटमध्ये काय धरायचं आणि काय सोडायचं, हा खरा प्रश्न. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणारा कायदा, २०१६ चा. त्यातली व्याख्या अशी आहे: सदनिकेची प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, त्यात आतल्या विभाजक भिंतींखालची जागा धरायची, पण बाहेरच्या भिंती, डक्टसारखे सेवांचे शाफ्ट, आणि त्या सदनिकेची स्वतःची बाल्कनी, व्हरांडा किंवा उघडी टेरेस धरायची नाही. जुन्या बोलीत कार्पेट म्हणजे जिथे सतरंजी अंथरता येते तेवढीच जागा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. रेराने त्यात आतल्या भिंतींची भर घातली. सरकारी मराठीत याला चटई क्षेत्र म्हणतात. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. एक फ्लॅटचं माप आहे, दुसरा भूखंडावर किती बांधता येईल याचं.

म्हणून लेबलं वाचतानाच मी दोन ढीग करतो. हॉल, किचन, दोन बेडरूम, दोन टॉयलेट, पॅसेज हे आत. बाल्कनी, ड्राय बाल्कनी, डक्ट हे बाहेर. ड्राय बाल्कनीचं दार किचनमध्ये उघडतं, तिथे वॉशिंग मशीन बसतं, म्हणून ती घराचाच भाग वाटते. वापराला ती आहेच, पण हिशोबात ती बाल्कनी आहे. काही प्लॅनवर बाल्कनी हॉलमध्येच मिसळून `LIVING` चं एकच मोठं माप छापतात. तिथे खोलीच्या आडवी जाणारी तुटक रेघ शोधावी. तुटक रेघ म्हणजे वर काहीतरी आहे, बीम किंवा माळा, आणि बऱ्याचदा मूळ बाल्कनी तिथूनच सुरू होत असते. मग त्या रेघेपलीकडचा तुकडा वेगळा काढायचा.

भाचीच्या प्लॅनमध्ये पॅसेजची रुंदी होती, लांबी नव्हती. छापील प्लॅनमध्ये हे नेहमीचंच, कारण पॅसेजची लांबी बघून कुणी फ्लॅट घेत नाही. पण बेडरूमचं कोडं सोडवताना ही लांबीही हाती आली होती. पॅसेज बेडरूमच्या रुंदीएवढाच लांब, म्हणजे १० फूट.

```
LIVING/DINING   10.0 x 16.5 = 165.0
KITCHEN          8.0 x  9.0 =  72.0
BED ROOM        10.0 x 11.0 = 110.0
M. BED          10.0 x 12.0 = 120.0
C. TOILET        4.5 x  7.0 =  31.5
A. TOILET        5.0 x  7.0 =  35.0
PASSAGE          3.5 x 10.0 =  35.0
                              -----
                              568.5
```

हे झालं सतरंजीचं कार्पेट, ५६८.५ चौरस फूट. इथे सगळ्या खोल्या साध्या चौकोनी होत्या. हॉल इंग्रजी एलच्या आकाराचा असेल तर लेबलवर सहसा सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद माप छापलेलं असतं. ते सरळ गुणलं तर कोपऱ्यातला नसलेला तुकडाही मोजला जातो. अशा हॉलचे दोन चौकोन करायचे आणि डायनिंगच्या भागाची रुंदी पट्टीवरून काढायची.

पुढे आतल्या भिंती. पुष्कळ लोक हा भाग सोडून देतात आणि मग आपला आकडा कराराशी जुळत नाही म्हणून गोंधळतात. दोन्ही बाजूंना याच फ्लॅटची खोली किंवा पॅसेज आहे, ती भिंत आतली. एका बाजूला शेजारचा फ्लॅट, जिना, डक्ट, बाल्कनी किंवा मोकळी हवा असेल तर ती सोडायची. पेन्सिलीने अशा भिंती रंगवल्या तर काम सोपं होतं. या प्लॅनमध्ये हॉल आणि बेडरूममधली ११ फूट, हॉल आणि किचनमधली ८, बेडरूम आणि पॅसेजमधली १०, टॉयलेट आणि पॅसेजमधली १०, दोन टॉयलेटमधली ७, आणि मास्टर बेडरूमची पॅसेज व टॉयलेटच्या बाजूची १२ फूट. एकूण ५८ फूट. दारांची जागा वजा करायची नाही. उंबऱ्याखालची जमीनही घरातलीच, ती खोलीत मोजलेली नाही, म्हणून ती भिंतीच्या पट्टीतच मोजली जाऊ द्यावी.

भिंतीची जाडी प्लॅनवर लिहिलेली नसते. ब्लॉकची आतली भिंत साधारण ४ इंचांची आणि दोन्हीकडचा गिलावा धरून ५ इंच. ५८ फुटांना ५ इंचांनी गुणलं की सुमारे २४ चौरस फूट. इमारत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटची असेल, तर भिंतीला जाड गिलावा नसतो. मग ४ इंच धरावे आणि हाच आकडा १९ वर येतो. पाच चौरस फुटांचा हा फरक आपल्या अंदाजातली अटळ ढील आहे. यापेक्षा बारीक जायला फोटो पुरत नाही.

५६८.५ अधिक २४, म्हणजे साधारण ५९३ चौरस फूट. हे रेराचं कार्पेट. मीटरमध्ये आणायला १०.७६४ ने भागायचं: ५५.१ चौरस मीटर.

मग तिला सांगितलं होतं ते साडेसहाशे कुठून आलं? बाल्कनी १० गुणिले ४, म्हणजे ४०. ड्राय बाल्कनी ८ गुणिले ३, म्हणजे २४. दोन्ही मिळून ६४, आणि ५९३ अधिक ६४ म्हणजे ६५७. सांगणाऱ्याने आकडा हवेतून आणलेला नव्हता. त्याने बाल्कन्या मिळवून सगळ्याला कार्पेट म्हटलं होतं. बाजारात याला कुणी टोटल कार्पेट म्हणतं, कुणी युजेबल कार्पेट. एकाच कागदावरून ५६८, ५९३ आणि ६५७ असे तीन आकडे निघतात आणि तिन्हींना लोक कार्पेटच म्हणतात, म्हणून मी कुणालाही फक्त आकडा सांगत नाही, त्यात काय धरलंय तेही सांगतो.

पडताळा कसा घ्यायचा? प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक असतो, P ने सुरू होणारा. महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने प्रकल्पाचं पान उघडतं आणि तिथे इमारतीनुसार, फ्लॅटच्या प्रकारानुसार कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. भाचीने शोधलं, या प्रकारापुढे ५५.४० होते. म्हणजे ५९६ चौरस फूट. आपला अंदाज ५९३. फरक अर्ध्या टक्क्याच्या जरा पुढे. तो मापांच्या गोळाबेरजेतून आणि भिंतींच्या एक-दोन फुटांच्या तुकड्यांतून आला असणार.

फरक मोठा आला तर तो किती आहे यावरून चूक कुठे झाली ते बऱ्याचदा कळतं. एखाद्या खोलीएवढा फरक असेल तर लेबल चुकीचं वाचलंय किंवा एक खोली दोनदा मोजली आहे. बरोबर बाल्कनीएवढा असेल तर ढीग चुकलाय. वीस-पंचवीसने आपला आकडा कमी येत असेल तर आतल्या भिंती राहिल्यात. आणि सगळं तपासूनही दीड-दोन टक्क्यांनी आपला आकडा नोंदवलेल्यापेक्षा जास्त येत असेल, तर छापील मापं गिलाव्याच्या आधीची असू शकतात. १० बाय १२ च्या खोलीत चारही बाजूंनी अर्धा इंच गिलावा चढला की १२० चे ११८ होतात. टॉयलेटसारख्या लहान खोल्यांत हे प्रमाण आणखी वाढतं. मात्र फ्लॅट आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा असणं वेगळं. शेजारच्या फ्लॅटचा प्लॅन बऱ्याचदा तसा असतो आणि त्याने क्षेत्रफळ बदलत नाही.

भाचीला याचा उपयोग दर काढायला झाला. फ्लॅट ६५ लाखांचा. ६५७ ने भागलं की दर चौरस फुटाला ९,९०० च्या आसपास येतो आणि ५९६ ने भागलं की १०,९०० च्या आसपास. तिने पाहिलेल्या दुसऱ्या इमारतीत सांगितलेला आकडा महारेराचाच होता, दर १०,६००. आधी तिला पहिला फ्लॅट स्वस्त वाटत होता. "म्हणजे मामा, मी दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत होते," ती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या प्लॅनचा फोटो काढून स्वतःच तीच बेरीज केली. तिथल्या बाल्कन्या लहान आहेत, हेही तिला त्यातूनच दिसलं. बाल्कनीला किंमत नसते असं नाही, पण ती वेगळी मांडली की ठरवणं सोपं जातं.

फोटोवरून काढलेला हा आकडा कुठवर चालतो तेही तिला सांगून ठेवलं. महाराष्ट्राच्या नमुना करारात कार्पेट तीन टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होण्याची मुभा आहे. काम पूर्ण झाल्यावर अंतिम कार्पेट निश्चित होतं आणि त्यानुसार किंमत पुन्हा मोजली जाते. कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे व्याजासह परत, जास्त भरलं तर वाढीव मागणी. ५५.४० चे तीन टक्के म्हणजे सुमारे १८ चौरस फूट, पॅसेजच्या निम्म्या जागेएवढे आणि तिच्या दराने जवळजवळ दोन लाखांचे. आपली ढील ६ ते १२ चौरस फुटांची. म्हणून बाल्कन्यांचे ६४ फूट फोटोवरून पकडता येतात, पण ताबा मिळताना १८ फूट कमी पडलेत का हे त्याच फोटोवरून सांगता येणार नाही. त्या दिवशी टेप घेऊन जायचं आणि गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, स्कर्टिंगच्या वर टेप धरून प्रत्येक खोली दोन्ही दिशांनी मोजायची.